एसीचा क्लच ओढत नाही: फ्यूजपासून प्रेशर स्विचपर्यंतच्या नोंदी

४ एप्रिल

गाडी जुनी, छोटी हॅचबॅक. कॉम्प्रेसर पट्ट्यावर चालणारा आणि पुढे विजेचा क्लच असलेला, म्हणजे सरळ जुन्या पद्धतीचा. तक्रार अशी की काही आठवडे थंडावा हळूहळू कमी होत गेला आणि आता व्हेंटमधून नुसतं बाहेरचं गरम वारं येतं. ब्लोअर जोरात चालतो, एसीच्या बटणावरचा दिवाही लागतो.

बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं, एसी लावला आणि टॉर्च कॉम्प्रेसरच्या तोंडावर धरली. पुली फिरतेय. ती फिरणारच, कारण ती बेअरिंगवर मोकळी असते आणि पट्टा तिला कायम फिरवत असतो. बघायची असते ती पुलीच्या पुढची चकती. क्लचच्या कॉइलमध्ये करंट आला की ही चकती पुलीला चिकटते, ‘टक्’ असा आवाज होतो आणि कॉम्प्रेसरचा शाफ्ट फिरायला लागतो. इथे चकती जागच्या जागी थांबलेली. बटण किती वेळा चालू-बंद केलं तरी आवाज नाही.

आणखी एक गोष्ट टिपून ठेवतो. या गाडीत एसी लावला की कंडेन्सरसमोरचा पंखा लगेच सुरू होतो आणि इंजिनचं आयडलिंग थोडं वर जातं. दोन्ही होत नाहीये. फक्त क्लचची कॉइल जळली असती तर पंखा तरी लागला असता. पंखा, आयडलिंग आणि क्लच हे तिन्ही ईसीयूच्या, म्हणजे इंजिनच्या संगणकाच्या, हुकुमाने चालतात, त्यामुळे बहुधा हुकूमच सुटत नाहीये. तरीही सुरुवात फ्यूजपासूनच करणार. तिथे वेळ कमी लागतो, आणि तेवढा भाग पक्का झाला की पुढचं प्रत्येक माप विश्वासाने घेता येतं.

५ एप्रिल

क्लचचा फ्यूज बॉनेटखालच्या डब्यात, १० अँपिअरचा. फ्यूज उपसून उजेडात बघण्यापेक्षा तो जागेवर असतानाच तपासलेला बरा. पात्याच्या फ्यूजला डोक्यावर दोन उघडी टोकं असतात. टेस्ट लॅम्पची क्लिप बॅटरीच्या निगेटिव्हला लावली आणि टोचणी आधी एका टोकावर, मग दुसऱ्यावर टेकवली. दोन्हीकडे दिवा सारखाच लागला, म्हणजे फ्यूज ठीक आणि फ्यूजपर्यंत वीजही येतेय. फ्यूज उडालेला असता तर नुसता नवा घालून पुढे गेलो नसतो. क्लचच्या कॉइलला समांतर एक छोटा डायोड असतो. कॉइल बंद होताना उसळणारा व्होल्टेज तो जिरवतो. तो शॉर्ट झाला, किंवा कॉइलच आतून शॉर्ट झाली, तर नवा फ्यूजही क्षणात उडतो.

मग रिले काढला, म्हणजे छोट्या करंटने क्लचचा मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. अंगावर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे कोरलेले आहेत. ३० म्हणजे फ्यूजकडून येणारी वीज, ८७ म्हणजे क्लचकडे जाणारी तार. ८५ आणि ८६ ही रिलेच्या आतल्या छोट्या कॉइलची टोकं. या गाडीत ८६ ला इग्निशनची वीज मिळते आणि ८५ ला ईसीयू अर्थ देतो. हे सगळ्या गाड्यांत असंच असेल असं नाही, म्हणून वायरिंगचा नकाशा समोर ठेवूनच काम केलं.

रिले काढल्यावर उरलेलं रिकामं सॉकेट ही या कामातली माझी सगळ्यात आवडती जागा. इथून एकाच ठिकाणी उभं राहून चारी बाजूंची चौकशी होते. ३० वर १२.४ व्होल्ट. इग्निशन चालू केल्यावर ८६ वरही तेवढेच. आता इग्निशन बंद करून मल्टिमीटर ओहमवर घेतला, एक प्रोब ८७ च्या खाचेत आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर. प्रोबच्या तारांचा रोध वजा करून ३.५ ओहम. क्लचच्या कॉइलचा रोध साधारण ३ ते ५ ओहमच्या आसपास असतो, त्यामुळे हा आकडा चांगला. या एका मापात ८७ पासून क्लचपर्यंतची तार, क्लचचा कनेक्टर, कॉइल आणि तिचं अर्थिंग असं सगळं येऊन गेलं, गाडीखाली न शिरता. इथे अनंत रोध आला असता तर कॉइल तुटली, कनेक्टर सुटला किंवा काही कॉइलींमध्ये आत असणारा उष्णतेचा फ्यूज गेला, असं समजून खाली उतरावं लागलं असतं.

या मापाची एक मर्यादा आहे. ओहम मोजताना मीटर अगदी थोडा करंट सोडतो. तारेचे सगळे धागे सडून एकच उरला असेल तरी ओहम बरोबर दिसतात, पण क्लचला लागणारे तीन-साडेतीन अँपिअर त्या धाग्यातून जात नाहीत. म्हणून खरा करंट सोडून बघणं भाग आहे. इंजिन बंद ठेवून, मध्ये १० अँपिअरचा फ्यूज असलेली तार घेतली आणि ३० व ८७ क्षणभर जोडले. खालून स्वच्छ ‘टक्’ ऐकू आलं. तार तशीच धरून क्लचच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजला तर १२.१. म्हणजे सगळ्या वाटेत मिळून फक्त ०.३ व्होल्ट पडतोय. क्लॅम्प मीटरने करंट ३.४ अँपिअर दाखवला. क्लच आणि त्याची वीज इथे निकालात निघाली.

इंजिन बंदच का ठेवायचं, तर आत गॅस किती आहे हे अजून माहीत नाही. कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरतं. गॅस नसताना कॉम्प्रेसर फिरवला तर तो कोरडा चालतो आणि आत घासतो. बंद इंजिनावर क्लच ओढला तर नुसती चकती चिकटते, आतलं काही फिरत नाही.

रिले टेबलावर तपासला. ८५ आणि ८६ मध्ये ८४ ओहम. १२ व्होल्ट दिल्यावर तो वाजला, पण वाजणारा रिले चांगला असेलच असं नाही, कारण आतले संपर्क जळून काळे झालेले असू शकतात. म्हणून ३०-८७ मधून ५५ वॉटचा हेडलाइटचा बल्ब लावला. तो साडेचार अँपिअरच्या आसपास घेतो, म्हणजे क्लचपेक्षा जास्तच. बल्ब पूर्ण तेजाने लागला आणि संपर्कावर पडणारा व्होल्टेज नगण्य निघाला. रिलेही ठीक.

६ एप्रिल

आता उलट्या बाजूने. रिलेला वाजवणारा हुकूम येतो का?

इंजिन चालू, ब्लोअर चालू, एसी चालू. रिकाम्या सॉकेटमध्ये मल्टिमीटर ८६ आणि ८५ च्या मध्ये लावला. ईसीयूने ८५ ला अर्थ दिला असता तर इथे बॅटरीएवढा व्होल्टेज दिसला असता. जवळजवळ काहीच नाही. पहिल्या दिवशीचा पंख्याचा इशारा खरा निघाला. ८५ ची तार थेट ईसीयूत जाते. तिला बाहेरून १२ व्होल्ट टोचायचे नाहीत, आणि ईसीयूकडच्या तारांवर बल्बचा टेस्ट लॅम्पही वापरायचा नाही. इथे फक्त मल्टिमीटर.

ईसीयू हुकूम देत नाही याची दोन अगदी वेगळी कारणं असतात. एक, त्याच्याकडे एसीची मागणी पोचली आहे पण तो ती नाकारतोय: इंजिन फार तापलंय, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलाय, एखादा सेन्सर वेडंवाकडं सांगतोय. दुसरं, मागणी पोचतच नाहीये. हा फरक तारा उपसून शोधण्यापेक्षा स्कॅनरवर पटकन कळतो. इंजिनच्या लाइव्ह डेटामध्ये या दोन ओळी दिसल्या:

```
A/C Request : OFF
A/C Relay   : OFF
```

बटणावरचा दिवा लागलेला असतानाही पहिली ओळ `OFF`. पहिली `ON` आणि दुसरी `OFF` असती तर तपास इंजिनच्या सेन्सरांकडे वळला असता. आता तो डॅशबोर्ड ते ईसीयू या एका तारेच्या वाटेवर आला. नकाशाप्रमाणे या गाडीत मागणीची वाट अशी: बटण, मग बाष्पीभवकाचं तापमान बघणारा थर्मिस्टर आणि त्याचा छोटा अँप्लिफायर, मग बॉनेटखालचा प्रेशर स्विच, आणि शेवटी ईसीयू. सगळे एका माळेत, कोणीही एक तुटला की मागणी तिथेच थांबते.

७ एप्रिल

प्रेशर स्विच गॅसमधली ओल शोषणाऱ्या रिसीव्हर-ड्रायरजवळच्या पातळ, द्रवाच्या पाइपवर आहे, दोन तारांचा. याचं काम दोन्ही टोकांना लक्ष ठेवण्याचं. प्रेशर साधारण २ बारच्या खाली गेलं, म्हणजे गॅस जवळजवळ संपला, की तो संपर्क तोडतो आणि कॉम्प्रेसरला कोरडं फिरण्यापासून वाचवतो. प्रेशर ३० बारच्या थोडं वर गेलं, पंखा बंद पडल्यावर जातं तसं, तरीही तोडतो, म्हणजे पाइप फुटत नाही. नेमके आकडे गाडीप्रमाणे थोडे इकडेतिकडे असतात.

कनेक्टर काढला आणि एसी चालू ठेवून त्याच्या दोन्ही पिना मोजल्या. एकीवर १२.२ व्होल्ट, दुसरीवर शून्य. म्हणजे बटण, थर्मिस्टर, अँप्लिफायर हे सगळे निर्दोष आणि मागणी या स्विचच्या दारापर्यंत येऊन पोचतेय. मग स्विचच्या दोन पिनांमध्ये ओहम घेतले. मीटरवर `OL`. संपर्क तुटलेला. मागणी इथेच मरते.

स्विचपासून ईसीयूपर्यंतची तार अजून तपासायची राहिली होती. बरेच जण इथे इंजिन चालू असतानाच कनेक्टरमध्ये तार खुपसून क्लच ओढतो का ते बघतात. ते मला पटत नाही, कारण ज्या स्विचने गॅस नसल्याचं कदाचित बरोबर ओळखलंय त्यालाच बाजूला सारून आपण कॉम्प्रेसर फिरवतो. त्याऐवजी इंजिन बंद, फक्त इग्निशन चालू, ब्लोअर आणि एसी लावलेला, आणि कनेक्टरच्या दोन पिनांमध्ये छोटी तार. स्कॅनरवर `A/C Request : ON` आलं. इंजिन फिरत नसल्यामुळे कॉम्प्रेसरला धक्काही नाही आणि ईसीयूपर्यंतची वाट सिद्ध झाली. तार लगेच काढून घेतली.

ही युक्ती दोन तारांच्या स्विचपुरतीच. चार तारांचा असेल तर दोन तारा बहुधा पंख्याच्या मधल्या प्रेशरच्या असतात, त्यामुळे जोडी ओळखूनच हात लावायचा. आणि तीन तारा असतील तर तो स्विच नसतोच. तो सेन्सर असतो: एका तारेवर ५ व्होल्ट, एक अर्थ आणि एक सिग्नल. तिथे दोन पिना जोडल्या तर ५ व्होल्टची वाट शॉर्ट होते आणि तिच्यावर चालणारे दुसरे सेन्सरही कोलमडतात. तसल्या गाडीत प्रेशर थेट स्कॅनरवर वाचायचं.

आता मुद्दा येतो तो हा. स्विचचा संपर्क तुटलाय, एवढ्यावरून स्विच बिघडलाय असं म्हणता येत नाही. उभ्या गाडीत ३० बार तर असूच शकत नाहीत, म्हणून वरचं टोक बाद. उरतात तीन शक्यता. गॅस खरोखर नाही. किंवा गॅस आहे, पण स्विच आतून मेलाय. किंवा गॅस आहे, स्विचही चांगला आहे, पण प्रेशर त्याच्यापर्यंत पोचत नाही: काही गाड्यांत स्विचखाली व्हॉल्व्ह असतो, स्विच आवळल्यावर त्याची पिन दबते आणि मगच प्रेशर वर येतं. ती पिन अडकली तर पाइपात भरपूर प्रेशर असूनही स्विचला काहीच जाणवत नाही. असा व्हॉल्व्ह आहे की नाही हे खात्रीने कळल्याशिवाय स्विच सैल करायचा नाही, नाहीतर सगळा गॅस तिथूनच बाहेर येतो. या तिन्हींमधला निवाडा मल्टिमीटर करू शकत नाही.

९ एप्रिल

गॅसचं काम करणाऱ्या तंत्रज्ञाकडे गाडी नेली. सगळी मापं त्याला वाचून दाखवली आणि म्हटलं, “दादा, स्विच तुटलेला दाखवतोय, पण आत प्रेशर किती आहे ते मला माहीत नाही.”

“मग स्विचला हात लावू नका अजून,” तो म्हणाला. “आधी गेज लावू. काटा काय म्हणतो ते बघू, मग स्विच खरा की खोटा ते ठरेल.”

इंजिन बंद, गाडी बराच वेळ सावलीत उभी, हवेचं तापमान ३० अंश. दोन्ही नळ्या लावल्या. दोन्ही काटे १.४ बारवर एकसारखे थांबले.

३० अंशाला या एसीतला गॅस, R134a, थोडा जरी द्रवरूपात आत शिल्लक असेल तर बंद गाडीत काटा ६.७ बारच्या आसपास दाखवतो. हे प्रेशर फक्त तापमानावर ठरतं: २५ अंशाला साधारण ५.६, ३५ ला ७.९. त्यामुळे १.४ चा अर्थ एकच, आत द्रव नावालाही नाही, थोडी वाफ उरली आहे. स्विचने अगदी बरोबर केलं होतं. काटा ६.५ वगैरे दाखवत असता तर मात्र संशय स्विचवर किंवा त्याच्या खालच्या पिनेवर गेला असता.

उलट बाजूनेही एक सावधगिरी आहे. काटा ६.७ दाखवतोय म्हणजे गॅस पुरेसा आहे असं नसतं. अर्धा गॅस गेला तरी आत द्रवाचा घोट शिल्लक असेपर्यंत उभ्या गाडीतलं प्रेशर तेवढंच राहतं. म्हणून या गाडीत थंडावा कमी होत असतानाही स्विच कुरकुरला नाही, आणि शेवटचा द्रव संपल्यावर मात्र क्लच एकदम बंद झाला. मालकाने सांगितलेला क्रम याच्याशी जुळतो.

१० एप्रिल

उरलेला गॅस मशीनने ओढून घेतला. हवेत सोडायचा नसतो. तापमानवाढीच्या हिशोबात R134a कार्बन डायऑक्साइडच्या १,४३० पट धरला जातो.

गळती शोधायला फार वेळ लागला नाही. गॅसबरोबर तेलही झिरपतं आणि त्यावर धूळ बसते. कंडेन्सरला येणाऱ्या पाइपच्या जोडावर बोटभर रुंद, काळपट, ओलसर पट्टा होता, बाकीचा पाइप कोरडा. खात्रीसाठी कोरडा नायट्रोजन १० बारपर्यंत भरला आणि जोडावर साबणाचं पाणी लावलं. सुरुवातीला काही नाही. थोड्या वेळाने नटच्या कडेला मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक येऊन तिथेच साचायला लागले. नायट्रोजनच वापरायचा. ऑक्सिजन तर कधीच नाही, कारण दाबाखाली तेलाशी त्याची गाठ पडली तर स्फोट होतो. कॉम्प्रेसरची हवाही नको, तिच्यात ओल असते.

जोड उघडला. आतली ओ-रिंग गोल राहिलीच नव्हती, एका बाजूने चपटी आणि कडक झालेली. एसीसाठीची नवी ओ-रिंग कॉम्प्रेसरच्या तेलात बुडवून बसवली. वाट उघडलीच होती म्हणून ड्रायरही बदलला. मग व्हॅक्यूम पंप पाऊण तास चालवला, व्हॉल्व्ह बंद करून काटा बघत बसलो. तो हलला नाही.

यानंतरचं माप मला मुद्दाम घ्यायचं होतं. स्विचचा कनेक्टर काढून ठेवला, त्याच्या पिनांना मल्टिमीटर लावला आणि मीटर बीपवर ठेवला. व्हॅक्यूममध्ये शांत, अपेक्षेप्रमाणे. इंजिन बंद ठेवूनच तंत्रज्ञाने सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून हाय साइडने, म्हणजे जास्त दाबाच्या बाजूने, अगदी सावकाश गॅस सोडायला सुरुवात केली. एक बार, काही नाही. दीड, काही नाही. २.२ बारवर काटा पोचला आणि मीटर वाजला. व्हॉल्व्ह बंद केला, थोडा थांबलो. बीप तसाच टिकून राहिला. बदलायला निघालेला स्विच पूर्ण निरोगी आहे, हे त्याच्याच तोंडून कळलं.

पुढे बॉनेटवरच्या स्टिकरवर लिहिलेल्या वजनाएवढा गॅस भरला. प्रेशर बघून अंदाजाने नाही, वजनानेच. ओ-रिंगजवळ झिरपलेलं तेल थोडंच होतं, तेवढं आणि जुन्या ड्रायरबरोबर गेलेलं तेल मोजून नव्याने भरून काढलं.

इंजिन चालू केलं, एसी लावला. ‘टक्’. चकती पुलीबरोबर फिरायला लागली, पंखा सुरू झाला आणि आयडलिंग किंचित चढलं. लो साइड २.१ बार, हाय साइड १४. मधल्या व्हेंटला थर्मामीटर ८ अंशावर आला.

१२ एप्रिल

क्लच बराच काळ निष्क्रिय होता म्हणून त्याची फटही मोजून ठेवली. क्लच सुटलेला असताना चकती आणि पुलीच्या मध्ये फीलर गेज तीन ठिकाणी घातला. सगळीकडे ०.५ मिलिमीटरच्या जवळ. बऱ्याच गाड्यांत ०.३ ते ०.६ च्या आसपासची फट चालते.

गाडी उन्हात बराच वेळ चालवून पुन्हा बघितलं. हे गरजेचं होतं, कारण झिजलेला क्लच सकाळी ओढतो आणि गरम झाल्यावर सोडतो. तांब्याचा रोध तापमानाबरोबर वाढतो: ३.५ ओहमची कॉइल १०० अंशाला साडेचारच्या आसपास जाते, करंट तेवढा कमी होतो आणि फट मोठी असेल तर चुंबकाला चकती ओढता येत नाही. तसा दोष असता तर फ्यूज, रिले, स्विच सगळे चांगले असूनही क्लच फक्त गरमीतच बंद पडला असता. इथे गरम इंजिनावरही प्रत्येक वेळी ओढला. कनेक्टरवर १३.६ व्होल्ट, बॅटरीवर १४.

२ मे

तीन आठवड्यांनी गाडी परत बघितली. थंडावा टिकून आहे. गेज मात्र लावला नाही. थोडा गॅस गेला असला तरी उभ्या गाडीत काटा तेवढाच दिसणार, आणि दर वेळी नळी लावताना-काढताना थोडा गॅस जातोच. त्याऐवजी कंडेन्सरच्या जोडाखाली इलेक्ट्रॉनिक लीक डिटेक्टरची नळी सावकाश फिरवली, गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे जोडाच्या खालच्या बाजूने. डिटेक्टर गप्प राहिला. जोड कापडाने पुसला, कापड कोरडं निघालं. कॉम्प्रेसरच्या शाफ्टच्या सीलभोवती मात्र तेलाची फिकट कड दिसते आहे. डिटेक्टर तिथेही गप्प आहे, म्हणून आत्ता सील काढत नाही. ती कड पुसून, खडूने खूण करून ठेवली आहे आणि पावसाळ्याआधी ती पुन्हा ओली झाली का ते बघणार आहे.